मेसेजला ‘हं’, भेटल्यावर मनसोक्त गप्पा: अशा माणसांचे तुमचे अनुभव लिहा

मुक्तछंद: माझी जिवलग मैत्रीण मेसेजमध्ये एका शब्दापुढे जात नाही. “पोचलीस?” “हो.” “मुलाखत कशी झाली?” “बरी.” भेटली की मात्र फोन पर्समध्ये जातो. मागच्या भेटीत आईच्या दुखण्याबद्दल मी ओझरतं बोललेले असते, तेही ती आठवणीनं विचारते. आता ती दूरच्या शहरात राहायला गेली आहे. भेटी थांबल्यात आणि उरलंय ते फक्त ‘हो’ आणि ‘बरी’. तुमच्या जवळचं कुणी असं असेल तर कसं निभावता? स्वतः असे असाल तर तेही लिहा.

चांदणवेल: माझा नवरा असाच आहे आणि कामासाठी बराच काळ बाहेर असतो. मी त्याची जुनी उत्तरं परत वाचली. “जेवलास?” याला कोणीही ‘हो’ एवढंच म्हणेल. मग मी “दिवस कसा गेला?” असं मोकळं विचारायला लागले, तर ‘ठीक’. अख्ख्या दिवसातलं नेमकं काय सांगायचं, हेच त्याला उमगत नव्हतं. एकदा लिहिलं, “त्या नव्या साहेबांनी तुझा आराखडा पाहिला का? कुठं अडले?” तर चार ओळी आल्या, तेही न विचारलेल्या तपशिलासकट. तेव्हापासून मी आधीच्या बोलण्यातला एखादा धागा धरूनच विचारते. ऐन कामाच्या वेळी विचारलं तर आजही ‘हं’च येतं, मग मी संध्याकाळपर्यंत थांबते.

सरळरेघ: शब्दापुढे पूर्णविराम आहे का ते बघा. ‘ठीक.’ असं लिहिणारा माणूस रागावलेला असतो, यावर संशोधन झालंय.

पानगळ: संशोधन झालंय, पण त्यातून निघालं ते वेगळं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातलं ते काम, 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले होते, त्यांत उत्तर एकाच शब्दाचं, कधी पूर्णविरामासह तर कधी त्याशिवाय. पूर्णविराम असलेलं उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे मोजलं गेलं ते वाचणाऱ्याचं मत, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते नव्हे. शाळेतली सवय म्हणून पूर्णविराम देणारे कितीतरी आहेत. शिवाय लिहिणारा स्वतःचा ‘हो’ स्वतःच्या आवाजात ऐकत असतो. तो सूर पलीकडे पोचलाय असं त्याला खरंच वाटतं.

अबोल: मी तसाच लिहिणारा. समोर माणूस असला की चेहऱ्यावरून कळतं, अजून बोलावं की थांबावं. मेसेजमध्ये ते काहीच नसतं. मी तीन ओळी लिहितो, मग त्या आगाऊ वाटतात, खोडतो आणि ‘ठीक’ पाठवतो. ‘टाइप करत आहे’ असं दिसून गायब होतं ना, तेव्हा हेच चाललेलं असतं. माझ्या बहिणीनं यावर आवाजी मेसेज सुरू केले. तिचा आवाज ऐकला की मलाही बोलून उत्तर देता येतं.

जुनापिंपळ: आमचे चिरंजीव फोनच उचलत नाहीत. पैसे हवे असले की मात्र लांबलचक मेसेज येतो. यावर काय करावं?

मुक्तछंद: काका, घरी आल्यावर तो तुमच्याशी बोलतो का?

जुनापिंपळ: खोलीचं दार लावून बसतो.

मुक्तछंद: मग ही गोष्ट वेगळी आहे, काका. माझी मैत्रीण समोर असताना पूर्ण माझी असते.

उंबरठा: मला एक सांगावंसं वाटतं. कोरडेपणा मुळातला आहे की नवा, हे जरूर पाहा. माझा एक मित्र भरभरून लिहायचा, तो अचानक ‘हो’ आणि ‘नाही’वर आला. मी घरी गेलो तेव्हा कळलं, त्याला झोप नव्हती आणि कुणाला भेटण्याची इच्छाही उरली नव्हती. पुढे उपचार घ्यावे लागले. पहिल्यापासून मोजकं लिहिणाऱ्याच्या ‘बरी’ची मला तेवढी काळजी वाटत नाही.

नदीकाठ: मला हे सगळं एकतर्फी वाटतं. प्रश्न आम्हीच घडवायचे, वेळ आम्हीच बघायची! माझा मित्र भेटल्यावर फार जीव लावायचा, पण पुढची भेट दर वेळी मीच ठरवायची. मी विचारणं थांबवलं आणि भेटीच थांबल्या. जीव असेल तर चार शब्द लिहायला काय जातं?

अबोल: जातं हो, खरंच जातं. पण भेट ठरवायला लांब मेसेज लागत नाही. ‘रविवारी येतो’ एवढं मलाही जमतं. ते तुमच्या मित्रानं करायलाच हवं होतं.

मुक्तछंद: माझ्या मैत्रिणीचा मोजकेपणा कॉलेजपासूनचा आहे, आणि भेटी निम्म्या तरी तीच ठरवायची. आज तिला आवाजी मेसेज पाठवला, तिच्या नव्या घराच्या गळक्या खिडकीबद्दल विचारलं. अजून ऐकलेला दिसत नाही. दूर गेलेल्या अशा माणसाशी ज्यांनी वर्षानुवर्षं टिकवलंय, त्यांनी लिहाच. इथपर्यंतचे बहुतेक अनुभव अधूनमधून भेट होणाऱ्यांचे आहेत.