जाडी ‘किमान’ लिहिली असेल तर
‘तीळ जेमतेम शेंगदाण्याएवढा, मग एवढी कातडी का कापायची आणि जांघेतली लसिकागाठ कशाला तपासायची?’

कारण मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये निर्णय तिळाच्या रुंदीवर नाही, खोलीवर होतो. तिळातली कॅन्सरची गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल उतरली, ती ब्रेस्लो जाडी. १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंमी कातडी काढतात, १ ते २ मिमीला १ ते २ सेंमी, त्याहून खोल असेल तर २ सेंमी. कॅन्सर पसरलाय का, हे बघायला लसिकागाठ तपासायचा विचार साधारण ०.८ मिमीपासून सुरू होतो, वर व्रण असेल तर त्याआधीही.

पण हा आकडा फसवू शकतो. इंदूरला आमच्या आत्याच्या टाचेवरचा काळा डाग एका दवाखान्यात वरवर खरवडून काढला. रिपोर्टात जाडी ०.७ मिमी. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या सर्जननी मात्र खालच्या ओळीवर बोट ठेवलं: ‘तळाच्या कडेला गाठ आहे.’ म्हणजे पातं गाठीतूनच फिरलं होतं, ०.७ ही फक्त किमान जाडी! उरलेला भाग पूर्ण खोलीचा काढला, तेव्हा ती १.८ मिमी निघाली. मग २ सेंमी कड ठरली आणि त्याच ऑपरेशनात, रुंद काप घेण्याआधी, टाचेत रंग टोचून जांघेतली पहिली लसिकागाठ शोधून काढली. ती स्वच्छ निघाली. आधी रुंद कापून वर कातडी बसवली असती, तर लसिकेचे मूळ रस्ते बदलून तीच गाठ सापडेल याचा भरवसा राहिला नसता. तेव्हा तुमच्या रिपोर्टात जाडीच्या जोडीला तळाच्या कडेबद्दल काय लिहिलंय, ते आधी बघा.