रुजू होण्याची तारीख पुढे ढकलताना आईच्या आजाराबद्दल किती सांगावे?

केतकी
पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीचे ऑफर लेटर मी स्वीकारले आहे आणि पुढील महिन्याच्या १ तारखेला रुजू व्हायचे आहे. दरम्यान आईला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले असून ८ तारखेला नागपूरला तिची शस्त्रक्रिया आहे. सोबत राहणारी मी एकटीच आहे. परदेशातील भाऊ म्हणतो की सगळे रिपोर्ट जोडून टाक, म्हणजे कोणी नाही म्हणणार नाही. आजाराचे नाव बाहेर कोणाला कळू नये, असे आईला वाटते. एच.आर.ला किती सांगावे?

शिरीष_पुणे
तुमच्या भावाचे म्हणणे मला पटते. ऑफर हातात ठेवून दुसरीकडे जास्त पगाराची बोलणी करणारे उमेदवार इतके झाले आहेत की ‘कौटुंबिक अडचण’ एवढेच लिहिलेला मेल वाचून एच.आर.च्या मनात पहिली शंका हीच येते. आजाराचे नाव, रुग्णालयाचे नाव आणि बायॉप्सीचा रिपोर्ट दिला, तर ती शंका तिथेच संपते. लपवण्यासारखे यात काय आहे?

गोदाकाठ
भरतीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. शिरीष म्हणतात ती शंका खरी आहे, पण ती आजाराच्या नावाने दूर होत नाही, ठोस तारखेने दूर होते. तुमचा मेल एच.आर.कडून तुमच्या होणाऱ्या मॅनेजरकडे जातो आणि तिथे एवढेच पाहिले जाते की प्रकल्पाचे काम केव्हा सुरू होणार, तोपर्यंत ही जागा रिकामी ठेवता येईल का आणि नवी तारीख पुन्हा बदलणार तर नाही ना. कर्करोग कोणत्या टप्प्याचा आहे हे कळल्याने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उलट, पुढे ही वारंवार रजा घेईल असा हिशोब कोणीतरी मनात मांडतो, तो तुम्हाला कधीच कळत नाही आणि त्यावर तुम्हाला उत्तरही देता येत नाही.

रिपोर्ट जोडण्याला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांमध्ये सहसा एच.आय.व्ही. आणि काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या असतात, डिस्चार्ज कार्डावर जुने आजार आणि चालू औषधे लिहिलेली असतात, आणि कॅशलेसच्या अर्जावर पॉलिसी क्रमांकापासून पत्त्यापर्यंत सगळे असते. असा मेल चार जणांना फॉरवर्ड झाला की तो परत घेता येत नाही. ही माहिती आईची आहे. ती द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या भावालाही नाही.

मग पुरावा काय द्यायचा? उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र मागा: अमुक रुग्णावर ८ तारखेला नियोजित शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर अमुक काळ जवळच्या नातेवाइकाने सोबत राहणे आवश्यक आहे. निदान न लिहिता असे पत्र देण्याची विनंती करता येते. मात्र ती आधीच स्पष्टपणे करावी लागते, कारण पत्र टाइप करणारा माणूस फाइलमधील निदान सवयीने उतरवून टाकतो. हे पत्रसुद्धा पहिल्या मेलसोबत जोडू नका, मागितले तर द्या.

तारखेबद्दल मात्र जास्त विचार करा. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या गाठीचा अंतिम रिपोर्ट यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात आणि केमोथेरपी किंवा रेडिएशन लागणार का, हे बहुधा त्यानंतरच ठरते. जखमेतील नळीही अनेकदा काही दिवस राहते. म्हणजे २० तारखेची मुदत मागितलीत, तर पुढील उपचार ठरत असतानाच तुम्हाला निघावे लागेल किंवा दुसऱ्यांदा मुदत मागावी लागेल, आणि दुसरी मागणी पहिलीपेक्षा फार कठीण जाते. त्यामुळे थेट त्यापुढील महिन्याची पहिली तारीख मागणे मला योग्य वाटते. अनेक कंपन्यांत नव्या लोकांचे इंडक्शन ठरावीक दिवशीच असते, म्हणून तो दिवस आधी विचारून घ्या. मेल इंग्रजीत जाईल, पण आशय एवढाच असावा: ‘माझ्या आईवर ८ तारखेला मोठी शस्त्रक्रिया ठरली असून तिची काळजी घेण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. मी ऑफर स्वीकारलेली आहे आणि त्यावर ठाम आहे. माझी रुजू होण्याची तारीख पुढील महिन्याच्या १ तारखेऐवजी त्यानंतरच्या महिन्याची १ तारीख करावी, ही विनंती. आवश्यक असल्यास रुग्णालयाचे पत्र देऊ शकेन.’ होकार आला की सुधारित तारखेचे पत्र लेखी घ्या. फोनवरच्या ‘चालेल’वर थांबू नका.

प्राजक्त
एवढे तरी का सांगायचे? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. कुटुंबीयांच्या आरोग्याविषयी विचारण्याचा कंपनीला अधिकारच नाही, असे ठणकावून लिहा.

गोदाकाठ
प्राजक्त, तो कायदा मिळालेली माहिती कशी वापरावी आणि कशी जपावी याबद्दल आहे. खासगी कंपनीत रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मिळण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. केतकी येथे सवलत मागत आहेत. कंपनीने नाही म्हटले, तर त्यांच्याकडे ऑफर लेटरमधील अटींपलीकडे फारसा आधार नाही. म्हणून एक खरे आणि पुरेसे कारण द्यावेच लागते.

जुना कारकून
शिरीषरावांचे म्हणणे सरकारी नोकरीत अगदी बरोबर ठरते. केंद्र सरकारच्या सेवेत मुदतवाढीचा अर्ज नियुक्तिपत्रातील मुदत संपण्यापूर्वी द्यावा लागतो, ती मुदतवाढ साधारणपणे तीन महिन्यांपर्यंत मिळते आणि मूळ पत्रापासून सहा महिन्यांत रुजू न झाल्यास नियुक्ती रद्द होते, असे १९७८ पासूनचे आदेश आहेत. निर्णय घेणाऱ्याला फाइलवर कारण नोंदवावे लागते, त्यामुळे कागद जोडलेला बरा. माझ्या पुतण्याने वडिलांच्या आजाराचा सविस्तर दाखला दिला आणि त्याचे काम सुरळीत झाले. आपणही सक्षम प्राधिकाऱ्याच्या नावे रीतसर अर्ज करावा.

केतकी
काका, माझी नोकरी खासगी कंपनीतली आहे, पण आपण आस्थेने लिहिलेत याबद्दल आभारी आहे.

शिरीष_पुणे
रिपोर्ट जोडू नये हे मला आता पटले. त्या चाचण्यांचा विचार मी केला नव्हता. तरीही एक मुद्दा सोडवत नाही. केमोथेरपी ठरली, तर बहुधा दर दोन-तीन आठवड्यांनी केतकींना नागपूरला जावे लागेल. रुजू झाल्यावर लगेच ही गोष्ट समजली, तर मॅनेजरला फसवले गेल्यासारखे वाटणार नाही का? शिवाय कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचे नाव घालताना आजार सांगावाच लागेल.

गोदाकाठ
विम्याचा मार्ग वेगळा आहे. पालकांना संरक्षण आहे का, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, हे प्रत्येक कंपनीच्या गटविम्यात निराळे असते. ते आजाराचा उल्लेख न करता विमा पत्रक मागून पाहता येते. नावनोंदणीच्या अर्जात आजार विचारला असेल, तर मात्र खरेच लिहायचे. तिथे काही दडवले, तर पुढे दावा अडकू शकतो. त्या अर्जाचा मॅनेजरशी संबंध नसतो.

केमोथेरपीबाबत आपले एकमत होईल असे वाटत नाही. जे अजून ठरलेलेच नाही, ते न सांगणे म्हणजे फसवणूक, असे मला वाटत नाही. उपचार ठरले की, रुजू होण्यापूर्वीच का होईना, ‘काही महिने ठरावीक दिवशी घरून काम करण्याची गरज पडेल’ असे मॅनेजरला सांगावे आणि तेव्हाही आजाराचे नाव सांगणे आईच्या इच्छेवर ठेवावे.

शिरीष_पुणे
मी त्या मॅनेजरच्या जागी असतो, तर शक्यतासुद्धा आजच ऐकायला मला आवडले असते. त्यावरून मी ऑफर मागे घेतली नसती.

गोदाकाठ
तुम्ही घेतली नसती, यावर माझा विश्वास आहे. केतकींचा मॅनेजर कसा आहे, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

केतकी
आईशी बोलले. ‘मोठी शस्त्रक्रिया’ एवढे लिहायला तिची हरकत नाही, आणि मेल त्याच शब्दांत आज पाठवला. पत्रात निदान नको, हे डॉक्टरांनीही मान्य केले. आता एच.आर.चे उत्तर आले आहे की मॅनेजर उद्या फोनवर बोलतील. त्यांनी थेट ‘नेमके काय झाले आहे’ असे विचारले, तर काय म्हणावे?

गोदाकाठ
‘उपचार सुरू आहेत; आईच्या इच्छेमुळे तपशील सांगत नाही’ असे शांतपणे म्हणा आणि लगेच तारखेवर या. बहुतेक माणसे पुढे विचारत नाहीत. विचारलेच, तर तेच वाक्य पुन्हा म्हणा. खोटे नाव मात्र सांगू नका.