मदत हवी आहे: राजवाड्यावरचं निवेदन रेकॉर्ड केलं, ऐकणारे भलतंच ऐकतात

खजुरीबाजारकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. ३१ मेला अहिल्याबाईंच्या जयंतीला आमच्या मंडळात स्लाइड शो आहे. मागे सहा मिनिटांचं मराठी निवेदन वाजणार. संहिता माझी, आवाजही माझाच. यूएसबी माइक आहे, खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्ड केलंय, घुमत वगैरे अजिबात नाही.

अडचण वेगळीच आहे. काल घरी तिघांना ऐकवलं. त्यातला हा तुकडा बघा:

"सन १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. १७६६ मध्ये मल्हाररावांनंतर मालेराव गादीवर आले, १७६७ मध्ये तेही गेले. सर्वस्व गेले तरी ती न डगमगता उभी राहिली. सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत जळालेल्या वाड्याचा दर्शनी भाग नवा नव्हे, मूळचाच आहे."

मावशी म्हणाली, खंडेराव धारला वारले हे मला माहीत नव्हतं. आता इंदूरकराला धार म्हटलं की शेजारच्या धार शहराखेरीज दुसरं काय आठवणार! भाच्याने विचारलं, "मामा, तीन मजले डगमगत होते का?" आणि बायको म्हणते, पुढचा भाग नवा आहे असंच तू सांगितलंस. शिवाय "मल्हाररावांनंतर मालेराव" म्हणताना माझी जीभ दर दुसऱ्या टेकला अडकते. अकरा टेक झाले. कागदावर तर एकही चूक नाही. काय बदलू?

ध्वनिवेडा (पुणे)

वेग कमी करा, एवढंच. नवखे लोक माइकसमोर धावतात. आणि एडिट करताना ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कापा, "सर्वस्व"मधल्या स-स ची शिट्टी जाईल. माइक कुठला आहे? फोटो टाका.

दांडियाबाजार (बडोदा)

जिभेचा व्यायाम करा हो. "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" रोज सकाळी दहा वेळा. आमच्या शाळेत बाई करून घेत असत. आमच्याकडे गुजरातीतही ळ असल्यामुळे बडोद्याच्या मराठी माणसाचा ळ कधी घसरत नाही, इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांनी मात्र लक्ष द्यावं. (हलके घ्या!)

खजुरीबाजारकर

दादा, ळ माझा ठीक आहे. ध्वनिवेडा, हळू वाचून पाहिलं. मावशीला खंडेराव पुन्हा धारलाच गेलेले ऐकू आले, फक्त सावकाश गेले.

पेन्सिलवाली काकू (इंदूर)

मी बरीच वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदन केलं, मुख्यतः हिंदीत, थोडं मराठीत. तुमची संहिता डोळ्यांसाठी लिहिलेली आहे. डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नाही.

आधी "ती न डगमगता" घ्या. कागदावर "ती" आणि "न" यांच्यात जागा आहे, बोलताना ती राहत नाही, उरतो "तीन". त्यात तुमच्या पुढच्याच वाक्यात खरोखरचे तीन मजले येतात, म्हणून भाच्याने दोन्ही जोडले. त्याची काही चूक नाही. मध्ये थांबून वाचलंत तर अडखळल्यासारखं वाटेल. "अहिल्याबाई डगमगल्या नाहीत" म्हणा. नकार शेवटी, क्रियापदापाशी आला की तो कुणाच्या कानातून निसटत नाही. शिवाय आपल्या इंदुरात अहिल्याबाईंना "ती" म्हणालात तर सभागृहातली अर्धी मंडळी पुढचं ऐकणारच नाहीत.

"नवा नव्हे"चंही तसंच. "नव्हे"मधला ह बोलतानाच पुसट असतो, सभागृहाच्या स्पीकरवर तो उरतच नाही. "नव्हे"च्या जागी "नवे" ऐकू आलं की वाक्याचा अर्थ उलटतो, आणि फरक काय तो एका श्वासाचा. माइकसमोर मी "नव्हे" वापरतच नाही. "दर्शनी भाग मूळचा आहे" एवढं पुरे, नकाराची गरजच काय?

ध्वनिवेडा म्हणतात ते शिट्टीपुरतं बरोबर आहे. पण एडिट करून शिट्टी जाते, न बोललेला ह परत येत नाही. आणि शिट्टीसाठीही मी आधी शब्द बदलीन. "सर्वस्व गेले"ऐवजी "नवरा गेला, सासरे गेले, मुलगा गेला" म्हणा. ऐकणाऱ्याला चित्र दिसेल आणि स ची गर्दीही कमी होईल.

ग्वाल्हेरची सून (ग्वाल्हेर)

ळ वरून आमच्या घरचा किस्सा. इकडे आम्ही सगळे मेळ्याला हिंदीसारखं "मेला"च म्हणतो, व्यापार मेला. पुण्याहून आलेल्या आत्याबाईंना सासूबाई फोनवर कुणालातरी सांगताना ऐकू आल्या, "मेला उद्यापासून सुरू." आत्याबाई चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या. "कोण मेला?"

मी शाळेच्या खेळांच्या दिवशी माइकवर असते. तिथे माझी अडचण सात आणि साठची. "सात नंबर" म्हटलं की साठ नंबरचा मुलगाही पळत येतो. मी आता "साठ, सहावर शून्य" असं सांगते. खजुरीबाजारकर, तुमच्या "सात मजली"लाही हा धोका आहे.

पेन्सिलवाली काकू

तुमच्या मैदानावर धोका खरा आहे, कारण तिथे सात नंबरही असतो आणि साठ नंबरही. राजवाडा साठ मजल्यांचा असेल असं इंदुरात कुणालाही वाटणार नाही. जिथे आजूबाजूचा अर्थ शब्दाला सांभाळून घेतो तिथे हात लावू नये, नाहीतर संहिता शाळेच्या सूचनेसारखी होते. "सन १७५४"मधला "सन" मात्र काढा. आपल्याकडे न आणि ण एकमेकांत मिसळतात, वाक्याची सुरुवातच "सण" अशी ऐकू आली तर माणूस दोन सेकंद दिवाळीत जातो.

आता धारातीर्थी. शब्द सुरेख आहे, पण ऐकणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक असेल तरच कळतो. ठाऊक नसेल तर कान जवळचा ओळखीचा शब्द पकडतो, आणि आपल्याकडे तो धार. "कुंभेरच्या वेढ्यात"चीही मला शंका आहे. कुंभेर अनोळखी, ढ चा ड व्हायला वेळ लागत नाही. मावशींना विचारा त्यांनी काय ऐकलं. नुसतं "कळलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. कागद न दाखवता एकेक वाक्य ऐकवा आणि ऐकलं ते लिहायला सांगा.

खजुरीबाजारकर

काकू, आत्ताच केलं. मावशीने लिहिलंय: "कुंभाराच्या वाड्यात खंडेराव धारतीर्थी पडले." भाच्याने: "कुंभेरच्या वेड्यात." हसून हसून पुरेवाट झाली, आणि अकरा टेक वाया गेल्याचं दुःखही झालं.

वर्षांचं काय करू? सतराशे सहासष्ट, सतराशे सदुसष्ट म्हणताना मी स्वतःच गोंधळतो.

पेन्सिलवाली काकू

आकडा स्लाइडवर आहे ना? मग तोंडाने एकच वर्ष घ्या, १७५४. सहासष्ट आणि सदुसष्ट शेजारी आले की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं. "बारा वर्षांनी मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मालेरावही गेले." हिशेब चोख बसतो आणि कालक्रम कानाला समजतो.

जीभ अडकते त्याबद्दल माझा नियम साधा आहे. मोठ्याने वाचताना एकाच जागी दोनदा अडकले की पेन्सिलने खूण करते आणि शब्द बदलते. जिभेशी भांडत बसत नाही. "मल्हाररावांनंतर मालेराव" यात म, ल, र दोनदा त्याच क्रमाने येतात, पण मध्ये ह आणि जोड-र घुसतो. म्हणून जीभ दुसऱ्या वेळी पहिल्याच वाटेने जाते. दोन्ही नावं लांब ठेवा. मध्ये नातं घाला, "सासरे मल्हारराव", "मुलगा मालेराव". म्हणजे नाव नीट ऐकू आलं नाही तरी माणूस कोण ते कळतं.

ध्वनिवेडा

हे मान्य. पण "तोफ", "फौज" असे शब्द आले की फ चा फुस्सकारा येईल, त्याला शब्द बदलून चालणार नाही, तोफेला तोफच म्हणावं लागेल. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर ठेवा. हवा सरळ जाते, आवाज सगळीकडे जातो.

पेन्सिलवाली काकू

अगदी बरोबर. हे मी सांगायला विसरले होते.

वाचकमात्र (ठाणे)

राहवलं नाही म्हणून लिहितो. "धारातीर्थी" काढायचं, "नव्हे" काढायचं, "सर्वस्व" काढायचं, मग मराठीत उरलं काय? ऐतिहासिक निवेदनाला थोडं वजन हवं. श्रोत्यांनीही जरा कान टवकारावेत की.

पेन्सिलवाली काकू

वजन हवंच. एखादा भारी शब्द ठेवा, पण तो वाक्याच्या शेवटी ठेवा आणि अर्थ आधी सांगा. "तोफेचा गोळा लागला आणि खंडेराव धारातीर्थी पडले." गोळा आधी लागला की मग धारला कुणी जाणार नाही. तुमचा मुद्दा मी पूर्ण खोडत नाही, कुठे थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक, हे उच्चाराचं नाही. "जळालेल्या वाड्याचा दर्शनी भाग" म्हणजे सगळा वाडा जळाला असं होतं. "वाड्याचा मागचा भाग जळाला" म्हणा. जळालेला शब्द ज्याला लागू आहे त्याच्या शेजारीच बसवा.

खजुरीबाजारकर

आज पुन्हा लिहिलं. बघा:

"१७५४ साल. कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागला आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव धारातीर्थी पडले. बारा वर्षांनी सासरे मल्हारराव गेले. गादीवर मुलगा आला, मालेराव. पुढच्याच वर्षी तोही गेला. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. … राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत वाड्याचा मागचा भाग जळाला, तो नंतर पुन्हा बांधला. समोरचा भाग मूळचा आहे."

दुसऱ्या टेकला झालं. मावशीने सगळं बरोबर लिहिलं, फक्त "मालेराव"च्या जागी पुन्हा "मल्हारराव". ती म्हणते मालेराव हे नावच तिने कधी ऐकलं नव्हतं. भाच्याने "वेढा" बरोबर लिहिला. पण एक शंका: "किल्ल्याला मराठ्यांनी" म्हणताना ल्ल्या-ला जड जातं.

ग्वाल्हेरची सून

"मराठ्यांनी कुंभेरचा किल्ला वेढला होता" केलं तर?

दांडियाबाजार

मालेरावांचं नाव स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाका ना. नाव ऐकू येण्याआधी एक क्षण दिसलं पाहिजे. आमच्याकडे कीर्तिमंदिरावरच्या कार्यक्रमात असंच केलं होतं.

खजुरीबाजारकर

दोन्ही करतो. आता मावशी या निवेदनाला कंटाळली आहे, नवा कान शोधावा लागेल. शेजारच्या जोशीकाकांना थोडं कमी ऐकू येतं, ते चालतील का?

पेन्सिलवाली काकू

चालतील. पण सभागृहाच्या स्पीकरवर ऐकवा, घरच्या हेडफोनवर नको, आणि त्यांना मागच्या रांगेत बसवा.