मदत हवी आहे: रिटेन्शनचे पैसे मागणारं पत्र कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात प्लंबिंगची सब-कॉन्ट्रॅक्ट कामं करतो. एका टॉवरचं ३८ लाखांचं काम 31 मार्च 2023 ला संपवलं. प्रत्येक बिलातून 5 टक्के रिटेन्शन म्हणून कापले, ते 1 लाख 90 हजार अजून मुख्य ठेकेदाराकडेच आहेत. डिफेक्ट लायबिलिटी 12 महिन्यांची, म्हणजे मार्च 2024 लाच संपली. त्या काळात सातव्या मजल्यावरची एक गळती निघाली, ती दुरुस्त करून साइट इंजिनीअरची सही घेतली. पण विचारलं की उत्तर एकच: "क्लायंटची फायनल सही बाकी आहे." तिकडे लोक राहायलाही आले!

अडचण अशी, की वर्क ऑर्डरमध्ये 'अंतिम प्रमाणपत्रानंतर रक्कम मिळेल' असं वाक्य आहे. पत्राचा मसुदा असा केलाय:

"माझ्या कामात कोणताही दोष प्रलंबित नाही. असल्यास 7 दिवसांत लेखी कळवावा, अन्यथा 15 दिवसांत रु. 1,90,000 अदा करावेत. अंतिम प्रमाणपत्राचा विलंब माझ्यामुळे झालेला नाही."

उद्यम नोंदणी कामाआधीची आहे. एमएसएमई कायद्यातल्या चक्रवाढ व्याजाचा उल्लेख आत्ताच करू का? वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो कायदा लागू होतो का यावर वाद घालतात, म्हणून हात आखडतोय. शिवाय दावा लावायची तीन वर्षांची मुदत मार्च 2024 पासून मोजायची की सही होईल तेव्हापासून? नुसत्या पत्राने मुदत वाढत नाही, एवढं ठाऊक आहे. कुणी असे पैसे सोडवलेत का?