मदत हवी आहे: पतसंस्थेच्या कर्जाला मावशी जामीनदार राहतेय, तिला काय आणि कसं सांगू?

जुळेसोलापूर:
माझी मावशी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. तिच्या दिराच्या मुलाचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. जुने माग काढून रॅपियर बसवायचे म्हणून तो एका पतसंस्थेतून ८ लाखांचं कर्ज काढतोय. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं. संस्थेला दोन जामीनदार हवेत, त्यातला एक पगारदार. पगारदार म्हणजे आमची मावशी.

तिचं म्हणणं असं की ही साक्षीदाराच्या सहीसारखीच सही. हप्ते पोरगा भरणार आहे, आपलं फक्त नाव. मी फॉर्म मागून वाचला. त्यात "कर्जदाराने कसूर केल्यास संपूर्ण येणे रक्कम व्याज व खर्चासह फेडण्यास मी संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहीन" असं आहे. पुढे "संस्थेने कर्जदारास मुदतवाढ अथवा सवलत दिली तरी माझी हमी कायम राहील" असंही आहे. रकमेची जागा कोरी. सोबत दोन सह्या केलेले कोरे चेक आणि मुख्याध्यापकांचं पगार कपातीचं पत्र मागितलंय.

पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल वाईट बोललं की मावशी ऐकतच नाही. त्यामुळे त्याला मध्ये न आणता, सहीचा अर्थ तिला कळेल असं कुणी सांगाल का?

कडकभाकरी:
उगाच घाबरवू नका हो मावशीला. कायद्यानं संस्थेला आधी कर्जदाराचे माग विकावे लागतात, मग त्याचं घरदार, आणि त्यातूनही उरलं तर जामीनदार. शिवाय दोन जामीनदार म्हणजे निम्मं निम्मं. आमच्या गल्लीत सगळेच एकमेकांना जामीन आहेत, कुणाचं काही बिघडलं नाही.

शेळगीकर:
मावशींना ८ लाख एवढ्या व्याजानं कशाला काढायचे? शिक्षकांच्या पगारदार पतसंस्था असतात, तिथं व्याज कमी पडतं आणि हप्ता पगारातूनच कापतात. चौकशी करा.

जुळेसोलापूर:
शेळगीकर, कर्ज मावशीला नकोय. ती दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतेय.

वसुलीवाला_निवृत्त:
सहकारी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

कडकभाकरी, पहिलं म्हणणं बरोबर नाही. करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला संपवा मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं १९६९ सालीच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात स्पष्ट केलंय. जामिनाचा उपयोगच संपेल नाहीतर, असा त्यामागचा विचार.

निम्म्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन जामीनदारांनी आपसात सारखा भार उचलायचा, हे कायद्यात आहे. पण ते त्या दोघांमधलं. संस्था कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते, "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" मधलं "स्वतंत्रपणे" त्यासाठीच असतं. ज्याच्याकडून घेतली त्यानं दुसऱ्या जामीनदाराच्या मागे लागावं. आणि खुर्चीवर बसलेला वसुली अधिकारी कुणाकडून सुरुवात करतो? जुन्या मागांना गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा शाळेला एक पत्र लिहिणं सोपं असतं. पगारदार जामीनदाराचा आग्रह धरतात तो याचसाठी.

आता मावशींना आकडा दाखवा. ८ लाख, १४ टक्के, ६० हप्ते म्हणजे हप्ता साधारण १८,६०० रुपये. समजा पुतण्यानं पहिले बारा हप्ते वेळेवर भरले. त्याच्या खिशातून सव्वादोन लाख गेले, पण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त असल्यानं मुद्दल जेमतेम १ लाख १९ हजारांनी उतरलं. बाकी राहिली ६ लाख ८१ हजार. मग सुताचे भाव चढले, माल पडून राहिला, हप्ते थांबले. नोटिसा आणि वसुली दाखला होईपर्यंत एक वर्ष गेलं असं धरा. तेवढ्या वर्षाचं साधं व्याज ९५ हजार. एकूण ७ लाख ७६ हजार, वर दंडव्याज आणि वसुली खर्च वेगळा. म्हणजे पोरानं वर्षभर इमानदारीनं फेडूनही मावशींच्या दारात येणारी रक्कम जवळपास मूळ कर्जाएवढीच. "तो भरतोय की" हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही, आणि यात पुतण्याला वाईट म्हणायची गरजच पडत नाही.

पूर्वभाग:
वरचं खरं आहे, मी भोगलंय. मेव्हण्याला जामीन होतो. नोटिसा माझ्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, भवानी पेठेतली ती खोली आम्ही कधीच सोडली होती. मेव्हण्यालाही नोटीस आलती, पण त्यानं मला काही कळू दिलं नाही. फ्लॅट विकायला काढला तेव्हा उताऱ्यावर बोजा दिसला. गिऱ्हाईक निघून गेलं ते गेलंच. पैसे भरून बोजा उतरवला, मेव्हण्याशी बोलणं अजून नाही.

जुळेसोलापूर:
म्हणजे कोर्टात न जाताच घरावर बोजा येतो?

वसुलीवाला_निवृत्त:
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम १०१ असं आहे की संस्था निबंधकाकडे अर्ज करते आणि चौकशी होऊन वसुली दाखला मिळतो. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं लागत नाहीत. जामीनदारालाही त्यात सामनेवाला करतात, नोटीस येते, तारखेला म्हणणं मांडता येतं. इथंच लोक गाफील राहतात. एकदा दाखला झाला की कलम १५६ खाली वसुली अधिकारी जंगम, स्थावर, दोन्हीची जप्ती करू शकतो. दाखल्याविरुद्ध वर फेरतपासणी अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी आधी भरावी लागते. त्यामुळे जे काय म्हणायचं ते १०१ च्या तारखेलाच, कागदांसह, लेखी. पूर्वभाग यांच्यासारखं होऊ नये म्हणून पत्ता बदलला की संस्थेला पत्र देऊन पोच घ्यायची.

मावशींच्या त्याच संस्थेत ठेवी असतील तर त्याही पाहा. सभासदाच्या येण्यापोटी ठेव वळती करून घ्यायचा अधिकार संस्थेला असतो.

कडकभाकरी:
बरं, पटलं. पण घाबरायचं काय, गडबड वाटली की पत्र द्यायचं, मी जामीन काढून घेतोय म्हणून. माझ्या मामांनी दिलतं असं पत्र, संस्थेनं घेतलं पण.

वसुलीवाला_निवृत्त:
मामांचं कर्ज कॅश क्रेडिट असणार. तिथं पैसे सारखे उचलले-भरले जातात, म्हणून पत्र दिल्यानंतरच्या नव्या उचलीपुरती जबाबदारी थांबवता येते, मागची राहतेच. मुदतीचं कर्ज एकदा खात्यावर जमा झालं की पुढचा व्यवहार असा उरतच नाही. तिथं पत्राची पोच मिळते, सुटका मिळत नाही. संस्था दुसरा जामीनदार घेऊन पहिल्याला लेखी मोकळं करायला तयार झाली तरच.

मुदतवाढीच्या त्या ओळीबद्दल. कायदा मुळात जामीनदाराच्या बाजूनं आहे: त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर तो सुटतो. छापील फॉर्ममधली ती ओळ हेच संरक्षण आधीच सोडून द्यायला लावते. "नवं-जुनं" करताना, म्हणजे थकलेलं कर्ज नव्या कर्जानं भरून घेताना, तिचा उपयोग केला जातो. ती ओळ खोडून दोघांच्या सह्या करता आल्या तर बघा, बहुतेक संस्था ऐकत नाहीत. पण रकमेची जागा मात्र कोरी ठेवून सही करायचीच नाही. "८ लाख" अंकी आणि अक्षरी आणि कर्ज खाते क्रमांक हे सहीच्या आधी भरलेलं पाहिजे.

हिप्परगा:
चेकबद्दल कुणी बोललं नाही. जामीनदारानं दिलेला चेक वटला नाही तरी कलम १३८ लागतं, सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. म्हणजे कर्ज दुसऱ्याचं आणि फौजदारी तक्रार मावशींवर. कोरा चेक अजिबात नको. पगार कपातीचं पत्र आहे, जामीनपत्र आहे, वर चेक कशाला?

जुळेसोलापूर:
निवृत्तीचं काय? कर्ज पाच वर्षांचं, नोकरी चारच वर्षं.

हिप्परगा:
पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात पगारातलेही पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात.

वसुलीवाला_निवृत्त:
ते कोर्टाच्या जप्तीचं झालं. मावशींनी स्वतः कपातीला संमती दिली तर गोष्ट निराळी, ती संमती आहे, जप्ती नाही. त्यात दरमहा किती कापायचं याची मर्यादा लिहून घ्या. आणि ग्रॅच्युइटी बँकेत जमा झाली, तिची एफडी झाली, मग ती ग्रॅच्युइटी राहते की साधी ठेव, यावर मी दोन्ही बाजूंनी वकिलांना भांडताना पाहिलंय. छातीठोक सांगणार नाही.

हिप्परगा:
मला वाटतं संरक्षण टिकतं. पण निकाल हाताशी नाही, त्यामुळे सोडून देतो.

पूर्वभाग:
भरावे लागलेच तर पावती मावशींच्या नावानं घ्या, पुतण्याच्या नव्हे. मी मेव्हण्याच्या खात्यावर रोख भरले, पावती त्याच्या नावाची. आता मी भरले हे सिद्ध कशानं करू?

वसुलीवाला_निवृत्त:
अगदी. जामीनदारानं भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क आहे, तारण वस्तूंवरचा संस्थेचा हक्कही त्याच्याकडे येतो. पण दावा भरल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. पूर्वभाग, तुम्ही कधी भरले? बँकेतून रक्कम काढल्याची नोंद असेल तर ती घेऊन वकिलाला भेटा, मुदत संपायच्या आत.

आणि शेळगीकरांचं उत्तर चुकून आलं तरी मला त्यात कामाची गोष्ट दिसते. मावशींना पोराला मदतच करायची असेल तर स्वतःच्या पगारदार संस्थेतून लाख-दीड लाख काढून त्याला द्यावेत. बुडाले तर तेवढेच बुडतील, आकडा आज माहीत आहे.

शेळगीकर:
मी तेच म्हणत होतो!

जुळेसोलापूर:
काल रात्री मावशीला बारा हप्त्यांचं गणित कागदावर मांडून दाखवलं. बराच वेळ बघत होती. मग तिचा पहिला प्रश्न: "दुसरा जामीनदार कोण आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. पुतण्याला फोन केला तर म्हणाला अजून ठरला नाही, तुमची सही झाली की बघू. सोमवारी ती आणि मी संस्थेत जातोय. चेक देणार नाही हे तिनंच ठरवलं. ३ लाखांपर्यंतच जबाबदार असं लिहून घेतील का विचारणार आहोत. असं कुणी करून घेतलंय का?

वसुलीवाला_निवृत्त:
कायद्याला चालतं. माझ्या नोकरीत एकदाच पाहिलं, तेही कर्जदारानं जागा तारण दिली होती म्हणून. लेखी अर्ज द्या, नकार आला तरी लेखीच मागा. आणि दुसऱ्या जामीनदाराची सही मावशींच्या आधी होऊ द्या.