मदत हवी आहे: पोषणमूल्यांच्या फोटोवरून तक्ता करताना दशांश चिन्ह गळतंय

पाकिटावरच्या पोषणमूल्यांच्या चौकटीचा फोटो काढून मी टेसरॅक्टने (`--psm 6`) मजकूर काढते आणि दोन रकान्यांचा तक्ता करते, एक सर्व्हिंगचा आणि एक १०० ग्रॅमचा. बारीक छपाईत दशांश चिन्ह गळतं, ही मुख्य अडचण.

कालचंच उदाहरण घ्या. सर्व्हिंग ३० ग्रॅमचं, प्रथिनं १०० ग्रॅममागे ७.०, सर्व्हिंगमागे मात्र २१ आली. ०.३ ने गुणून पाहिलं तर २.१ यायला हवीत. आता चूक नेमकी कुठल्या रकान्यात, हे ऊर्जेवरून कळलं. सर्व्हिंगमध्ये कर्बोदकं २०.४ आणि फॅट ६ ग्रॅम. प्रथिनं व कर्बोदकं गुणिले ४, फॅट गुणिले ९ केलं तर २१ धरून २१९.६ किलोकॅलरी होतात, २.१ धरून बरोबर १४४, आणि छापलेली ऊर्जा १४४च आहे. तंतू किंवा शुगर अल्कोहोल असेल तर हा हिशोब थोडा हलतो, पण दहापट चूक लपत नाही.

सोडियमला मात्र ऊर्जेचा आधारच नाही. तिथे १०० ग्रॅममागे ९१५ आणि सर्व्हिंगमागे ९५ मिलीग्रॅम आलं, तर कुठला आकडा खरा मानायचा? फोटो पुन्हा पाहण्यावाचून मार्ग आहे का? शिवाय ट्रान्स फॅट ०.१ आणि सर्व्हिंगमागे ०.० हे गोलाकारामुळे बरोबरच असतं, पण माझी तपासणी तेही चूक ठरवते. शेवटच्या छापील अंकाच्या निम्म्याइतकी सूट दोन्ही रकान्यांना द्यावी असं वाटतं. तुम्ही किती सूट ठेवता?