४० टक्क्यांवर पेन्शन किती बसेल?

"नागपूर जिल्हा परिषदेतून पुढच्या वर्षी रिटायर होतोय. एनपीएसमध्ये ५० लाख होतील. ४० टक्के ॲन्युइटीत टाकले तर कॅल्क्युलेटर महिन्याला १६,६६७ दाखवतो. बरोबर आहे का?"

दादा, हा आकडा फार चढा आहे. २० लाखांवर १६,६६७ म्हणजे वर्षाला सरळ १० टक्के. फंडाच्या परताव्याचा दर तुमच्याकडून ॲन्युइटीच्या रकान्यात भरला गेलेला दिसतो. ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीकडून विकत घेतलेली पेन्शन, तिचा दर वेगळा असतो, तो विमा कंपनी खरेदीच्या दिवशी ठरवते.

समजा ६.५ टक्के मिळाला, तर वर्षाला १,३०,००० आणि महिन्याला सुमारे १०,८३३. हा पर्याय तुमच्यानंतर वहिनींना पेन्शन आणि शेवटी वारसाला २० लाख परत देणारा धरलाय. मुद्दल परत नको म्हटलं तर दर वाढतो. समजा ८ टक्के झाला, तर १३,३३३. पण मग ते २० लाख कायमचे गेले. वहिनींना स्वतःची पेन्शन नसेल तर निदान त्यांचं नाव जोडलेला पर्याय सोडू नका.

नेहमीच्या पर्यायात हा आकडा आयुष्यभर तेवढाच राहतो, महागाई भत्ता नाही, शिवाय उत्पन्नात धरून कर लागतो. एकरकमी ३० लाख मात्र करमुक्त आहेत. त्यातले काही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवून दर तिमाहीच्या व्याजाची जोड द्या, मगच घरखर्चाचा हिशेब मांडा.